नॉमिनी दीर, वारस तिघी

अगं, काल फोनवर तू रडवेली झालीस. वन्संच्या यजमानांच्या 15 लाखांच्या पॉलिसीवर नॉमिनी म्हणून त्यांच्या थोरल्या भावाचं नाव निघालं, म्हणून "आता वन्संना काहीच नाही" असं घरात बोललं जातंय. तसं नाहीये गं. क्लेमच्या कामात इतकी वर्षं काढली मी. हा गैरसमज घरंच्या घरं तोडताना पाहिलाय.

पॉलिसी लग्नाआधीची. तेव्हा भावाचं नाव घातलं, पुढे बदलायचं राहून गेलं. आता कंपनी पैसे भावाच्याच खात्यात भरणार, आणि ते बरोबरच आहे. नॉमिनीला पैसे दिले की कंपनीची जबाबदारी संपते, म्हणून तिच्याशी भांडण्यात अर्थ नाही. पण भाऊ ते पैसे वारसांच्या वतीने घेतो, मालक म्हणून नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1984 साली सरबती देवी खटल्यात हेच सांगितलंय.

मग वारस कोण? मृत्युपत्र नाही म्हणतेस, म्हणजे हिंदू वारसा कायद्याने बायको, मुलगी आणि आई. तिघींना सारखे, पाच-पाच लाख. वन्संच्या सासूबाईंचा हिस्सा त्यांचा हक्काचा आहे, त्यावरून वन्संनी मन कडू करू नये. सासरे असते तरी या तिघींपुढे त्यांना वाटा नसता, भावाला तर नाहीच.

तेव्हा दिरांना आधी क्लेम फॉर्मवर सही करू दे, अडवू नका. पैसे जमा झाले की तिघींच्या खात्यांवर बँकेतूनच वळते करायचे, रोख नको, आणि पावत्या लिहून घ्यायच्या. मुलगी अज्ञान आहे, तिचे पाच लाख तिच्याच नावाच्या खात्यात राहू देत. दीर नाहीच म्हणाले, तर पैसे त्यांच्या हातात पडण्याआधी दिवाणी न्यायालयातून मनाई हुकूम आणावा लागेल. पण आधी समोर बसून बोला. अनेकदा नॉमिनीलाच वाटत असतं की आपण मालक.

आता तुझं. तुझ्या नवऱ्याच्या पॉलिसीवर अजून सासूबाईंचं नाव आहे ना? तिथे गोष्ट वेगळी आहे. 2015 च्या दुरुस्तीने आईवडील, नवरा-बायको किंवा मुलं नॉमिनी असतील तर ती रक्कम त्यांचीच होते, असं विमा कायद्याच्या कलम 39 मध्ये आलंय. त्याचा अर्थ लावताना उच्च न्यायालयांचं एकमत झालेलं नाही, म्हणजे उद्या तू आणि सासूबाई कोर्टात समोरासमोर. तेवढ्यासाठी वाट कशाला बघायची? त्यांच्याशी मोकळेपणाने बोला, नॉमिनेशन बदलायचा फॉर्म भरा, आई आणि बायको दोघींची नावं टक्क्यांसकट घाला. आणि कंपनीकडून नोंद झाल्याचं पत्र आल्याशिवाय ते झालं असं धरू नकोस. भरलेला फॉर्म कपाटात पडून राहिलेलाही पाहिलाय मी.