दूध दरपत्रकाची शीट: मागच्या मेसेजमधली चूक दुरुस्त करून घ्या



मागच्या आठवड्यात दूध दर तपासायची जी शीट पाठवली होती, तिच्या सूत्रात माझ्याकडून चूक झाली होती. एका काकांनी ती वापरून पावती तपासली, शीटवर लिटरमागे ३० पैसे जास्त दिसले आणि ते संकलन केंद्रावर जाऊन भांडून आले. केंद्राचा दर बरोबर होता, चूक माझी होती. म्हणून आज सूत्र नीट समजावून सांगतो, म्हणजे पुढच्या वेळी माझी चूकसुद्धा तुम्हीच पकडाल.

कागदी दरपत्रक आपण कसं बघतो? डावीकडे फॅट, वर एसएनएफ. एक बोट फॅटवर ठेवून उजवीकडे न्यायचं, दुसरं बोट एसएनएफवरून खाली आणायचं. दोन्ही बोटं जिथे भेटतात तो दर. शीटलाही नेमकं हेच सांगायचं असतं.

उदाहरणासाठी छोटा तक्ता घेऊ. *यातले दर फक्त समजण्यासाठी आहेत, आपल्या केंद्राचे नाहीत.*

```
     A     B      C      D      E
1         8.3    8.4    8.5    8.6
2   3.3  32.40  32.90  33.40  33.90
3   3.4  32.70  33.20  33.70  34.20
4   3.5  33.00  33.50  34.00  34.50
5   3.6  33.30  33.80  34.30  34.80
6   3.7  33.60  34.10  34.60  35.10
```

पावतीवर फॅट ३.६, एसएनएफ ८.४ आणि दूध ११ लिटर आहे. H1 मध्ये फॅट टाका, H2 मध्ये एसएनएफ. मग H3 मध्ये हे सूत्र:

```
=INDEX(B2:E6, MATCH(H1,A2:A6,0), MATCH(H2,B1:E1,0))
```

MATCH म्हणजे बोट. ते दर सांगत नाही, फक्त कितवा नंबर ते सांगतं. पहिलं MATCH फॅटच्या यादीत ३.६ शोधतं, तो वरून चौथा. दुसरं एसएनएफच्या ओळीत ८.४ शोधतं, तो डावीकडून दुसरा. मग INDEX दरांच्या चौकटीत चौथी ओळ, दुसरा रकाना बघतं आणि 33.80 देतं. ११ लिटरचे झाले ३७१.८० रुपये.

आता माझी चूक. मी A2:A6 ऐवजी A1:A6 लिहिलं होतं. वरचा रिकामा चौकोन मोजणीत आला, त्यामुळे ३.६ चौथ्याऐवजी पाचवा झाला. दरांची चौकट मात्र दुसऱ्या ओळीपासूनच सुरू होते. मग शीटने खालच्या ३.७ च्या ओळीतला दर उचलला, 34.10. वाईट गोष्ट अशी की शीट कुठेही लाल होत नाही, दर अगदी खरा वाटतो. म्हणून नियम एकच: फॅटची यादी आणि दरांची चौकट एकाच ओळीपासून सुरू होऊन एकाच ओळीवर संपली पाहिजे. एसएनएफचंही तसंच, रकाने B ते E तर दोन्हीकडे B ते E.

अशीच गुपचूप होणारी दुसरी चूक म्हणजे दोन MATCH ची अदलाबदल. आधी फॅट म्हणजे ओळ, मग एसएनएफ म्हणजे रकाना. उलटं लिहिलं तर शीट दुसरी ओळ, चौथा रकाना बघेल आणि 34.20 दाखवेल. शेवटचं 0 सुद्धा गाळू नका. 0 असलं की शीट तंतोतंत तोच आकडा शोधते. ते नसलं की ३.६५ टाकल्यावरही ३.६ चा दर देऊन मोकळी होते.

#N/A आलं तर घाबरू नका, ते उलट बरं. आकडा यादीत सापडला नाही एवढंच शीट सांगते. बहुतेक वेळा पावतीवर बघून कोणीतरी 3.6% असं टाकलेलं असतं, त्याला शीट 0.036 समजते. टक्क्याचं चिन्ह न टाकता इंग्रजी अंकात फक्त 3.6 टाका. मेसेजमधून कॉपी केलेला आकडा चौकोनात डाव्या बाजूला चिकटलेला दिसला तर शीटने तो अक्षर म्हणून घेतलाय, पुसून परत टाइप करा. आणि फॅटची यादी =A2+0.1 असं ओढून केली असेल तर कधीकधी दिसतो ३.६ पण आत अगदी बारीक फरक राहतो. तिथे हे वापरा:

```
=ROUND(A2+0.1,1)
```

नवीन शीट वापरायच्या आधी एवढं करा. कागदी दरपत्रकावरून तीन दर बोटाने काढा: डावीकडचा सगळ्यात वरचा, उजवीकडचा सगळ्यात खालचा आणि मधला कोणताही. तेच तीन शीटमध्ये टाकून बघा. माझी चुकीची शीट यात पहिल्याच आकड्याला पकडली गेली असती: ३.३ आणि ८.३ ला तिने 32.40 ऐवजी 32.70 दाखवलं असतं.

दुरुस्त शीट या मेसेजसोबत आहे, जुनी डिलीट करा. तीनपैकी एकही दर जुळला नाही तर शीटचा स्क्रीनशॉट आणि पावतीचा फोटो मला पाठवा, केंद्रावर जायच्या आधी.