काढायची वस्तू शब्दांत लिहू नका

वाशीमच्या पद्मतीर्थाच्या काठावरचा एक फोटो समोर आहे असं समजा. पायऱ्यांवर मोटारसायकल उभी आहे, तिची सावली दोन पायऱ्या खाली उतरली आहे आणि प्रतिबिंब पाण्यात पडलं आहे. फोटोशॉपमध्ये गाडीभोवती लॅसो फिरवला, Generative Fill च्या चौकटीत ‘मोटारसायकल काढून टाका’ असं लिहिलं, तर तिथे पुष्कळदा दुसरीच गाडी किंवा एखादं पिंप उगवतं. कारण ती चौकट बहुधा हुकूम ऐकत नाही. निवडलेल्या जागेत काय दिसावं, याचं वर्णन म्हणून ती आपले शब्द वाचते. ‘मोटारसायकल नको’ लिहिलं तरी नाव मोटारसायकलचंच घेतलेलं असतं. म्हणून माझं ठाम मत असं, की वस्तू काढायची असेल तर चौकट आधी रिकामी ठेवावी आणि तसंच Generate दाबावं.

यावर आक्षेप येतो, की रिकामी चौकट ठेवूनही नको ते येतंच. येतं, पण तेव्हा खोट बहुधा निवडीत असते. गाडी निवडली आणि सावली राहून गेली, तर सावली पाडणारं काहीतरी तिथे असायलाच हवं, असा मेळ यंत्र घालतं. प्रतिबिंबाचंही तसंच. चाकाच्या कडेचे काळे ठिपके निवडीबाहेर उरले, तर त्या धाग्यावरून ते नवं चाक विणतं. म्हणून सावली आणि प्रतिबिंब दोन्ही निवडीत घ्यावं, मग Select > Modify > Expand मधून निवड दहा-पंधरा पिक्सेलने बाहेर सरकवावी. फोटो मोठा असेल तर आणखी. मात्र अर्धा घाट निवडू नये, कारण मोकळी जागा जितकी जास्त, तितकी ती भरण्याची मुभा जास्त. जे पर्याय येतात ते शंभर टक्के आकारात पाहावेत. पायरीची कड मध्येच वाकली आहे का, दगडाचा पोत गुळगुळीत झाला आहे का, हे लहान आकारात कळत नाही.

एवढं करूनही वस्तू उगवलीच, तर शब्द वापरावेत, पण ते मागच्या दृश्याचे: ‘रिकाम्या दगडी पायऱ्या, खाली शांत पाणी’. त्यात गाडीचा उल्लेख नको, ‘काढा’ नको, ‘सुंदर घाट’ही नको; त्या ‘सुंदर’पायी दिवे आणि फुलंही येऊ शकतात.

कुणी म्हणेल, एवढ्या खटाटोपापेक्षा क्लोन स्टॅम्प बरा. लहान डागासाठी आणि एकसारख्या भिंतीसाठी तो खरोखरच बरा. पण पद्धत कोणतीही असो, एक मर्यादा कायम राहते. गाडीमागच्या पायऱ्या कॅमेऱ्याने पाहिलेल्याच नाहीत. भरून आलेला दगड हा अंदाज आहे. लग्नाच्या अल्बमला तो चालेल. तीर्थाच्या दुरुस्तीची नोंद किंवा जुन्या बांधकामाचा पुरावा म्हणून फोटो द्यायचा असेल, तर गाडी तशीच राहू द्यावी, नाहीतर ती हलवून नवा फोटो काढावा.