सहाव्या महिन्याची घाई

कुत्र्याच्या नसबंदीत नराचे वृषण काढतात, मादीचे बीजांडकोश आणि बहुधा गर्भाशयही काढतात. त्याने पिलावळ थांबते, तशी या अवयवांतून येणारी संप्रेरकेही थांबतात. पहिली गोष्ट दवाखान्यात सगळेच सांगतात. दुसरी सांगायची राहून जाते, आणि नसबंदी कोणत्या वयात करावी हा प्रश्न मुळात त्या दुसऱ्या गोष्टीचा आहे.

वाढत्या पिल्लाच्या लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेचे पातळ थर असतात आणि हाड तिथूनच लांबते. पिल्लू वयात येऊ लागले की इस्ट्रोजेनच्या प्रभावाने हे थर हाडाचे होऊन मिटतात. नरातही टेस्टोस्टेरॉनचा काही भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलत असतो. संप्रेरके आधीच बंद केली तर थर उशिरा मिटतात आणि पाय जास्त लांबतात. सगळे थर एकाच वेळी मिटत नसल्यामुळे काही हाडे थांबलेली असतात आणि काही वाढतच असतात. त्यात सांध्याची ठेवण बिघडू शकते. छोट्या जातींना याचा फारसा त्रास होत नाही. वजनदार जातींत मात्र तो ताण गुडघ्यावर आणि खुब्यावर येतो.

प्रस्तुत लेखकाच्या घरचा गोल्डन रिट्रीव्हर नर हे याचे जवळून पाहिलेले उदाहरण. साडेपाच महिन्यांचा असताना त्याची नसबंदी झाली. कारण एवढेच, की तो पाहुण्यांवर उड्या मारायचा, चपला चावायचा आणि दवाखान्यातून ‘सहा महिन्यांच्या आत उरकून टाका, शांत होईल’ असे सांगितले गेले. जात कोणती, हे त्या टेबलावर कोणी विचारलेही नाही. वर्षाचा होईपर्यंत तो उंच, लांबटांग्या आणि अरुंद छातीचा झाला. बघणारे कौतुक करत. तिसऱ्या वर्षी तो बसताना उजवा मागचा पाय दुमडून न घेता बाजूला पसरू लागला. झोपेतून उठल्यावर पहिली चार पावले लंगडायचा, मग नीट चालायचा. ‘मुरगळला असेल’ म्हणून दोन महिने वेदनाशामक गोळ्यांवर गेले. शेवटी दुसऱ्या डॉक्टरांनी त्याला गुंगी देऊन मांडीचे हाड एका हातात धरले आणि दुसऱ्या हाताने नडगीचे हाड पुढे ढकलले. ड्रॉवर उघडावा तसे ते सरकले. गुडघ्यातला अस्थिबंध तुटला होता. पुढे हाड कापून पट्टी बसवण्याची शस्त्रक्रिया आणि काही महिने दोरीला बांधून फिरवणे. पहिल्या दवाखान्याचे म्हणणे एकच होते: ‘असे कोणालाही होते.’

ते पूर्ण खोटे नाही. एका कुत्र्यावरून कारण सिद्ध होत नाही. पण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी 2013 मध्ये 759 गोल्डन रिट्रीव्हरांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा नसबंदी न झालेल्यांत हा अस्थिबंध तुटल्याचे एकही उदाहरण नव्हते. वर्षाच्या आत नसबंदी झालेल्या नरांत ते प्रमाण 5 टक्के आणि माद्यांत 8 टक्के होते. त्याच संशोधकांनी 2020 मध्ये 35 जातींचा आढावा घेतला. गोल्डन नरासाठी वर्षानंतरचे वय त्यांनी सुचवले, लॅब्राडॉर नरासाठी सहा महिन्यांनंतरचे. दोन्ही जाती आकाराने सारख्या असूनही उत्तर वेगळे आहे.

स्वभावाबाबतची समजूत तर जास्तच फसवी. नराचे भटकणे, दुसऱ्यावर चढणे आणि घरात ठिकठिकाणी मुतणे नसबंदीने बऱ्याचदा कमी होते. उड्या आणि चपला हा पोरपणा असतो, त्याला शिकवणच लागते. भीतीपोटी भुंकणारा कुत्रा या शस्त्रक्रियेने धीट होत नाही.

मादीचा हिशेब वेगळा. पहिल्या माजाआधी नसबंदी केली तर स्तनांच्या गाठींचा धोका कमी होतो असे मानले जाते, पण त्यामागचा पुरावा वाटतो तितका भक्कम नाही. गर्भाशयात पू होण्याचा जिवावरचा आजार मात्र नक्की टळतो. मोठ्या जातीच्या मादीत फार लवकर केल्यास पुढे झोपेत लघवी गळण्याची शक्यता वाढते. मांजरीला यातले काही लागू करून थांबू नये. ती चौथ्या महिन्यातच गाभण राहू शकते.

नसबंदीनंतर अन्नाची गरज साधारण पाव हिश्श्याने घटते, भूक मात्र वाढते. टाके काढायच्या दिवसापासूनच वाडगे मोजून भरावे आणि महिन्यातून एकदा वजन करावे. गुडघ्यावरचा भार आपल्या हातात असलेला तेवढाच. आणि तारीख घेण्याआधी डॉक्टरांना विचारावे: याच जातीसाठी, याच लिंगासाठी हेच वय का? उत्तरात जातीचे नावही येत नसेल, तर तारीख घेऊ नये.