सुट्टी घेऊनही थकवा का जात नाही?

प्रश्न : मी ४१ वर्षांची असून एका बँकेच्या शाखेत अधिकारी आहे. दिवसभर काउंटर, वर कर्जाच्या फाइली आणि विमा विकण्याचं टार्गेट. रात्री दहालाही ग्रुपवर ‘आजचे आकडे टाका’ असा मेसेज येतो. पूर्वी ग्राहकांशी आपुलकीनं बोलायचे, आता समोर कुणी आलं तरी चिडचिड होते. दिवाळीनंतर दहा दिवस रजा घेतली, बरं वाटलं. पण कामावर परतल्यावर आठवड्याभरात पुन्हा तेच. मी कमकुवत झाले आहे का?

उत्तर : नाही. तुम्ही सांगितलेली लक्षणं बर्नआउटची वाटतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये त्याची व्याख्या केली, तेव्हा त्याला आजार न म्हणता कामाशी निगडित अवस्था म्हटलं. तिच्या तीन खुणा आहेत : शक्ती पार संपल्याची भावना, कामाबद्दल तुटलेपणा किंवा कडवटपणा आणि ‘माझ्या हातून नीट काही होत नाही’ असं वाटणं. ग्राहकांवरची तुमची चिडचिड ही दुसरी खूण आहे. तो स्वभावदोष नाही.

आधी शरीराकडे बघू. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ आणि साखर तपासून घ्या. यातलं काही बिघडलं तरी असाच थकवा येतो. घोरत असाल तर तेही डॉक्टरांना सांगा. दुसरी शंका नैराश्याची. बर्नआउटचा धागा बहुतेक वेळा कामाशी बांधलेला असतो, रजेवर असताना माणूस थोडा तरी खुलतो, तुम्हीही खुललात. पण दोन आठवडे सतत उदास वाटत असेल, घरात, मुलांत, आवडीच्या गोष्टीतही मन रमत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटाच. मनाने झोपेच्या गोळ्या सुरू करू नका.

आता रजेचं कोडं. रॉबर्ट कारासेक या अभ्यासकानं १९७९ मध्ये मांडलं की केवळ कामाचा बोजा माणसाला खचवत नाही; बोजा जास्त आणि ते काम कसं, कधी करायचं हे ठरवण्याची मुभा कमी, ही जोडी खचवते. तुमच्याकडे नेमकी हीच जोडी आहे. टार्गेट वरून येतं, रांग समोरून येते, मेसेज रात्री येतो. वेळ तुमच्या हातात कुठेच नाही. रजेत शरीराला विश्रांती मिळते, पण परतल्यावर मांडणी तीच असते. म्हणून थकवाही तोच.

तेव्हा दोन आठवडे एक वही ठेवा. ज्या क्षणी जीव कातावला तो क्षण लिहा : वेळ, काम आणि ‘यात मला काही बदलता आलं असतं का?’ याचं हो किंवा नाही. समजा, तुमच्या वहीत दिसलं की सर्वाधिक ताण दुपारी येतो, कारण कर्जाची फाइल उघडली की दर पाच मिनिटांनी काउंटरवरून हाक येते. इथे उत्तर ‘हो’ आहे. मग व्यवस्थापकांकडे ‘फार ताण आहे’ अशी तक्रार घेऊन जाऊ नका, नेमकी मागणी घेऊन जा : ‘दुपारी तीन ते चार या वेळेत काउंटर दुसऱ्या सहकाऱ्याकडे द्या, त्या तासात मी फाइली पूर्ण करते. रात्री आठनंतरचे आकडे सकाळी पहिल्या अर्ध्या तासात टाकते.’ मोघम तक्रारीवर सहानुभूती मिळते. नेमक्या मागणीवर निर्णय घेता येतो.

विम्याचं टार्गेट मात्र ‘नाही’च्या रकान्यात जाईल. ते तुम्ही एकट्यानं बदलू शकत नाही, त्याच्याशी रोज झुंजून शक्ती घालवू नका. तिथे सहकाऱ्यांशी मोकळं बोलणं, श्वसन, चालणं उपयोगी पडतं. ज्या गोष्टी बदलता येतात तिथे मात्र नुसत्या प्राणायामावर भागवू नका, नाहीतर मूळ कारण तसंच राहतं.

संध्याकाळी निघण्यापूर्वी पाच मिनिटं अपुरी कामं लिहा आणि प्रत्येकासमोर ते उद्या कधी, कुठून सुरू करायचं तेही लिहा. असं केल्यानं घरी डोक्यात तेच ते घोळणं कमी होतं. मग ग्रुप म्यूट करा. कामाच्या विचारांपासून मन सुटलं नाही, तर सोफ्यावर बसूनही विश्रांती होत नाही.

सहा ते आठ आठवड्यांत वहीतल्या ‘हो’च्या नोंदी कमी झाल्या, झोप सुधारली, तर दिशा बरोबर आहे. काहीच हललं नाही, तर बदली किंवा विभागबदल मागणं हाही उपचारच आहे. त्यात हार नाही. आणि शाखाप्रमुखांनो, कर्मचाऱ्यांसाठी वर्षातून एकदा योगशिबिर घेण्याआधी रात्रीचे मेसेज बंद करा. कारण कामाच्या मांडणीत असेल, तर इलाजही तिथेच करावा लागतो.

जगणं नको असं मनात येत असेल, तर वाट बघू नका. टेलि-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही बोला. मराठीतूनही बोलता येतं.