तारीख उलटली: खायचे की टाकायचे?



वस्तीतल्या महिलांच्या बैठकीत आम्हाला एक प्रश्न हमखास विचारला जातो. "ताई, पाकिटावर कधी 'बेस्ट बिफोर' असते, कधी 'यूज बाय', कधी 'एक्सपायरी'. सगळ्यांचा अर्थ एकच ना?" अर्थ एक नाही. हा फरक माहीत नसला की घरात दोन्ही बाजूंनी नुकसान होते. चांगली डाळ तारीख गेली म्हणून फेकली जाते, आणि नासलेले पनीर "कालपर्यंतचीच तर तारीख होती" म्हणून भाजीत पडते.

'बेस्ट बिफोर' ही चवीची आणि दर्जाची तारीख आहे. तोपर्यंत वस्तू कंपनीने सांगितली तशी, म्हणजे कुरकुरीत, ताज्या वासाची राहील, एवढेच ती सांगते. त्यानंतर वस्तू मऊ पडेल, वास कमी होईल, पण ती खाण्याजोगी असू शकते. 'यूज बाय' आणि 'एक्सपायरी' या दोन्हींचा अर्थ मात्र एकच आहे. त्या तारखेनंतर वस्तूच्या दर्जाची आणि सुरक्षिततेची खात्री धरता येत नाही, आणि ती विकायचीच नाही. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबल नियमांत हे अर्थ दिलेले आहेत. त्याच नियमांनुसार पाकिटावर उत्पादनाची किंवा पॅकिंगची तारीख आणि एक्सपायरी किंवा यूज बाय तारीख छापावी लागते. बेस्ट बिफोर ही जादा माहिती म्हणून छापता येते.

इथे एक अडचण उभी राहते. आता बिस्किटाच्या पुड्यावरही एक्सपायरी असते आणि पनीरच्या पाकिटावरही. शब्द तोच, पण धोका सारखा नाही. म्हणून तारीख वाचल्यावर दुसरा प्रश्न विचारायचा: ही वस्तू कोरडी आहे की ओली? आणि ती थंडीत ठेवायची आहे का?

जंतूंना वाढायला पाणी लागते. डाळ, तांदूळ, रवा, पोहे, बिस्किटे यांत पाणी फार कमी असते. साखर, मीठ आणि मध यांत जंतू वाढत नाहीत. अशा बंद पाकिटाची बेस्ट बिफोर तारीख थोडी मागे गेली असेल तर उघडून बघावे. किडे, जाळी, ओल, बुरशी किंवा खवट वास नसेल तर घरात वापरायला हरकत नाही. तेल, शेंगदाणे, फरसाण आणि पीठ मात्र लवकर खवट होतात. खवट लागले की टाकून द्यावे. एक्सपायरी उलटलेला बिस्किटाचा पुडा विकत घेऊ नये, मुलांना देऊ नये. पण कोणी चुकून एखादे बिस्किट खाल्ले तर घाबरून दवाखान्यात धावण्याचे कारण नाही.

कोरड्या धान्याबाबत एक गोष्ट तारखेपेक्षा मोठी आहे, ती म्हणजे बुरशी. पावसाळ्यात गळक्या घरात शेंगदाणे, मका, ज्वारी यांना ओल लागते आणि हिरवट-काळपट बुरशी चढते. काही बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते. ते यकृताला घातक असते आणि धुऊन किंवा भाजून पुरते जात नाही. अशा शेंगदाण्यांची तारीख पुढच्या वर्षाची असली तरी त्यांचा कूट करू नये.

आता ओल्या वस्तू. दूध, पनीर, दही, ताजे मांस-मासे, इडलीचे तयार पीठ, क्रीमचा केक यांत पाणीही आहे आणि जंतूंना खाद्यही. त्यांच्यावरची तारीख एका अटीवर छापलेली असते, आणि ती अट बारीक अक्षरांत तिथेच असते: अमुक अंशाखाली थंड ठेवा. अट मोडली की तारखेला अर्थ उरत नाही.

एक उदाहरण घेऊ. पनीरच्या पाकिटावर यूज बाय तारीख २० आहे आणि '४ अंश सेल्सिअसखाली ठेवा' असे लिहिले आहे. आज १८ तारीख. दुकानदार वीजबिल वाचावे म्हणून रात्री फ्रीज बंद करतो. सकाळी ११ वाजता आपण पाकीट घेतो. घरी फ्रीज नाही, म्हणून ते ओट्यावर राहते. पत्र्याच्या घरात दुपारी ३५ अंश उष्णता असते. भाजी होते रात्री ८ वाजता. तारीख अजून दोन दिवस पुढे आहे, पण पनीर नऊ तास उकाड्यात होते, आणि दुकानातली रात्र त्याआधीची.

५ ते ६० अंशांच्या दरम्यान जंतू वाढतात. ऊब अनुकूल असेल तर काही जंतू २० मिनिटांत दुप्पट होतात. म्हणजे एकाचे तासाभरात ८ आणि चार तासांत ४०९६. म्हणून नियम असा आहे की थंडीत ठेवायची वस्तू बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि कडक उन्हाळ्यात एका तासापेक्षा जास्त नाही. आपले पनीर या हिशेबात केव्हाच बाद झाले.

"पण आम्ही ते चांगले तळले, उकळले," असे घरोघरी सांगितले जाते. उकळल्याने जंतू मरतात हे खरे. पण स्टॅफिलोकोकस नावाचा जंतू वाढताना अन्नात विष सोडतो. हा जंतू माणसाच्या नाकात, हातावरच्या जखमेत असतो आणि हाताळताना अन्नात उतरतो. जंतू मेला तरी त्याचे विष उकळून जात नाही. असे अन्न खाल्ल्यावर साधारण एक ते सहा तासांत मळमळ आणि जोराच्या उलट्या सुरू होतात. रात्री जेवून मध्यरात्री घरातली चार माणसे एकदम आजारी पडतात, त्यामागे बऱ्याचदा हेच असते. शिजवून तसाच बाहेर ठेवलेल्या भातातही दुसऱ्या एका जंतूचे असेच विष तयार होते, आणि भाताला तर कुठलीच तारीख नसते.

वास घेऊन ठरवता येईल का? आंबट वास आला, पाणी सुटले, चिकट तार आली तर टाकायचेच. पण वास आला नाही म्हणून वस्तू चांगली आहे असे समजू नये. अन्न नासवणारे जंतू वास आणतात. आजारी पाडणारे जंतू बहुतेक वेळा वास, रंग, चव काहीच बदलत नाहीत. लिस्टेरिया हा जंतू तर फ्रीजच्या थंडीतही हळूहळू वाढतो. गरोदर बाईला त्याची बाधा झाली तर तिला साधा ताप येऊन जातो, पण पोटातले बाळ दगावू शकते. म्हणून थंडीत ठेवायच्या वस्तूची यूज बाय तारीख गेली की ती फ्रीजमध्ये असली, वास चांगला असला, तरी खाऊ नये. गरोदर बाई, लहान मूल, म्हातारी माणसे, मधुमेहाचे आणि किडनीचे रुग्ण यांच्या ताटात तर ती मुळीच जाऊ नये.

बाळाच्या डब्यातली दूध पावडर आणि शिशू आहार कोरडा असला तरी त्याला सूट नाही. तारखेनंतर त्यातली जीवनसत्त्वे कमी होतात, आणि बाळाचे पोट त्याच एका डब्यावर चालत असते. तारीख गेली की डबा बंद.

फुगलेला डबा किंवा फुगलेले पाकीटबंद दूध तारीख कितीही पुढे असली तरी उघडू नये. चव घेऊनही पाहू नये. आत जंतू वायू सोडत असल्याची ती खूण असते. चिप्सच्या पाकिटात मुद्दाम हवा भरलेली असते, ती गोष्ट वेगळी. पाकीट एकदा उघडले की वरची तारीख संपली असे समजावे. मग 'उघडल्यावर इतक्या दिवसांत संपवा' ही ओळ लागू होते.

फ्रीज नसलेल्या घराने काय करावे? दूध, पनीर, मांस त्या वेळेपुरतेच आणावे, बाजारातून शेवटी घ्यावे आणि घरी येताच शिजवावे. दूध आणल्याबरोबर उकळावे, झाकून ठेवावे आणि उन्हाळ्यात दर चार-पाच तासांनी पुन्हा उकळावे. महिन्याच्या डाळ-पिठाचे जुने पाकीट पुढे आणि नवे मागे ठेवावे.

तारीख शोधायची कशी तेही सांगतो. पाकिटावर 'ईएक्सपी' किंवा 'यूज बाय' ही इंग्रजी अक्षरे आपल्या मुलीला ओळखायला शिकवा. काही पाकिटांवर थेट तारीख नसून 'पॅकिंगपासून ४ महिने' असे लिहिलेले आढळते. पॅकिंग १२ फेब्रुवारीचे असेल तर मुदत १२ जूनला संपली. आठवडी बाजारात अर्ध्या किमतीत वस्तू मिळते तेव्हा तारखेवर बोट फिरवून पाहा. तारीख खरवडलेली, पुसट, किंवा तिच्यावर नवे स्टिकर चिकटवलेले असेल तर वस्तू परत ठेवा. जयंतीला किंवा धम्म मेळाव्यात वाटण्यासाठी खोकी आली की वाटपाआधी दोन कार्यकर्त्यांनी खोक्यावरची आणि आतल्या पुड्यावरची, दोन्ही तारखा पाहाव्यात. दान म्हणून आलेला माल आहे, म्हणून तपासणीत सवलत नको.

एक्सपायरी उलटलेला माल विकणे हा कायद्याने गुन्हा आहे. "तुमच्या वस्तीत चालतो" हे उत्तर ऐकून घेऊ नका. पाकीट आणि बिल जपून ठेवा, फोटो काढा आणि राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे १८००२२२३६५ या टोल फ्री क्रमांकावर तक्रार करा.

आणि उलट्या-जुलाब सुरू झालेच तर ओआरएसचे पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाच्या स्वच्छ पाण्यात, म्हणजे मोठे पाकीट एक लिटरमध्ये, कालवून घोट-घोट पाजत राहा. शौचात रक्त, पोटात काहीच न ठरणे, सहा-आठ तास लघवी न होणे, मूल सुस्त पडणे यांपैकी एकही खूण दिसली, किंवा रुग्ण गरोदर असेल, तर सकाळची वाट पाहू नका, तडक दवाखाना गाठा. काय आणि किती वाजता खाल्ले ते डॉक्टरांना सांगा, आणि ते पाकीट सोबत न्या.