तळ्यात पाणी किती?

वरणगावच्या जवळ तापी नदीवर हतनूरचं धरण आहे. पावसाळ्यात त्याची बातमी वर्तमानपत्रात येते. धरणात पाणी अमुक मीटरपर्यंत चढलं, आणि साठा अमुक इतका झाला, असं त्यात छापलेलं असतं. धरण पूर्ण भरलं म्हणजे पाणी २१४ मीटरच्या पातळीला पोचतं.

पातळी तर मोजपट्टीवर डोळ्यांनी वाचता येते. पण साठा कोणी मोजला? कोणी घागरी घेऊन तर मोजायला बसलं नाही! साठा हिशेबानं काढतात. तोच हिशेब आपल्या शेततळ्याला लागतो, आणि गावच्या नाल्यावर बांध घालून केलेल्या तळ्यालाही लागतो. तो आज आपण शिकू या.

आधी माप समजून घ्या. एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि एक मीटर खोल असा खड्डा घ्या. त्यात जेवढं पाणी मावतं, ते एक घनमीटर. एक घनमीटर म्हणजे हजार लिटर. दोनशे लिटरची पिंपं घेतली, तर पाच पिंपं भरतात.

आता सोपं तळं घेऊ. सन २०१६ मध्ये सरकारनं ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना काढली. तिच्यात सर्वांत मोठं तळं ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल असं होतं. पुष्कळ जण म्हणतात, “तीस गुणिले तीस नऊशे, त्याला तीननं गुणलं. सत्तावीसशे घनमीटर पाणी झालं.” हा हिशेब चुकीचा आहे. का बरं? कारण तळ्याच्या बाजू उभ्या भिंतीसारख्या नसतात. तशा ठेवल्या तर माती ढासळते. म्हणून बाजूंना उतार देतात. मीटरभर खाली गेलं की चारही बाजू मीटरभर आत येतात, असा उतार आपण धरू. मग तळाशी लांबी ३० राहत नाही, २४ च उरते.

तर हे तळं आपण एकावर एक ठेवलेल्या भाकरींसारखं पाहू. खालची भाकर लहान, वरची मोठी. मीटर-मीटरचे तीन थर झाले. तळाला जागा २४ गुणिले २४, म्हणजे ५७६ चौरस मीटर. एक मीटरवर २६ गुणिले २६, म्हणजे ६७६. दोन मीटरवर ७८४. काठाला ९००.

आता एकेका थराचं पाणी काढा. थराच्या खालचं क्षेत्र आणि वरचं क्षेत्र यांची बेरीज करायची, ती निम्मी करायची, आणि थराच्या उंचीनं गुणायची. झालं!

पहिला थर: (५७६ + ६७६) ÷ २ × १ = ६२६
दुसरा थर: (६७६ + ७८४) ÷ २ × १ = ७३०
तिसरा थर: (७८४ + ९००) ÷ २ × १ = ८४२
एकूण: २,१९८ घनमीटर

म्हणजे सत्तावीसशे नव्हे, बावीसशेच्याही थोडं आत. पाचशे घनमीटर पाणी नुसतं कागदावर होतं. शिवाय कोणी तळं अगदी काठोकाठ भरत नाही. पाणी काठाच्या अर्धा मीटर खाली ठेवलं, तर आणखी ४३५ घनमीटर कमी होतात. अर्धाच मीटर, पण तो वरचा, रुंद मीटर आहे. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढं फार कामाला येईल.

शेततळं चौकोनी असतं, टेपनं मोजता येतं. नाल्यावरचं तळं तसं नसतं. बांधाशी खोल आणि रुंद, वर नाल्याकडं उथळ आणि निमुळतं. मग त्याचं एक मीटरवरचं, दोन मीटरवरचं क्षेत्र कसं काढायचं?

आम्हाला यासाठी सर्वांत सोपी वाटते ती रीत अशी. पाण्यालाच रेषा आखू द्या. बांधाजवळ सर्वांत खोल जागी एक मोजपट्टी पक्की रोवा. तळाशी शून्य, मग एक, दोन, तीन, चार मीटर, अशा खुणा करा. सांडवा ज्या उंचीला आहे तिथं शेवटची खूण. तळं पावसानं भरतं तेव्हा पाणी घाईनं चढतं, तेव्हा काही जमत नाही. पण पावसाळा सरल्यावर पाणी हळूहळू उतरतं. ते बरोबर तीनच्या खुणेवर आलं की वारा नसेल अशा सकाळी पाण्याच्या काठाकाठानं चाला, आणि दहा-दहा पावलांवर चुना लावलेला दगड ठेवत जा. पाण्याचा काठ सगळीकडं एकाच पातळीला असतो. म्हणून ही दगडांची रांग म्हणजे तीन मीटरची समपातळी रेषा झाली. पुढं दोनवर उतरलं की दुसरी रांग, एकवर आलं की तिसरी. चारची रांग मात्र सांडव्यावरून पाणी वाहायचं थांबल्याबरोबर घ्यावी लागते. तो दिवस चुकला तर वर्ष गेलं! उन्हाळ्यात तळं कोरडं झालं म्हणजे सगळ्या रांगा उघड्या दिसतात, आणि टेप घेऊन मोजता येतं.

ज्या तळ्यात पाणी आटतच नाही, तिथं मात्र मोजणीदाराचं यंत्र लागतं. पण आपल्या भागात तशी गावतळी थोडीच.

आता एका रांगेच्या आतलं क्षेत्र काढू. एक नमुन्याचं तळं धरू आणि त्याची एक मीटरची रेषा घेऊ. बांधापासून नाल्याच्या दिशेनं मधोमध दोरी ताणा. दर दहा मीटरला थांबून दोरीच्या आडवी रुंदी मोजा. समजा, बांधाशी रुंदी ३६ मीटर आली. दहा मीटरवर ३२, वीसवर २६, तीसवर १४, आणि चाळीसवर रेषा मिटली, म्हणजे शून्य. पुन्हा तीच रीत, दोन शेजारच्या रुंद्यांची बेरीज निम्मी करून दहानं गुणा. ३६ आणि ३२ चे ३४०. ३२ आणि २६ चे २९०. २६ आणि १४ चे २००. १४ आणि शून्याचे ७०. सगळे मिळून ९०० चौरस मीटर.

अशीच बाकीची क्षेत्रं काढली. समजा, ती अशी आली: तळाला २००, एक मीटरवर ९००, दोनवर २,०००, तीनवर ३,५००, आणि सांडव्याच्या उंचीला, म्हणजे चार मीटरवर, ५,४००. आता थर मांडा.

पहिला मीटर: (२०० + ९००) ÷ २ = ५५०
दुसरा मीटर: (९०० + २,०००) ÷ २ = १,४५०
तिसरा मीटर: (२,००० + ३,५००) ÷ २ = २,७५०
चौथा मीटर: (३,५०० + ५,४००) ÷ २ = ४,४५०
एकूण: ९,२०० घनमीटर

नुसती वरची जागा खोलीनं गुणली असती, तर ५,४०० चोक २१,६०० आले असते. दुपटीहून जास्त!

आणि चौथा मीटर पाहा. एकट्या त्या मीटरात ४,४५० घनमीटर आहेत, जवळजवळ निम्मं तळं. पट्टीवर पाणी चारवरून तीनवर आलं की लोक म्हणतात, “अजून तीन भाग पाणी आहे, एकच भाग गेला.” तसं नाही हो! निम्मं गेलेलं असतं. आणि दोनवर आलं, म्हणजे डोळ्यांना निम्मं दिसतं, तेव्हा खरं दोनच हजार घनमीटर उरलेलं असतं.

याचा पिकाशी काय संबंध? हरभऱ्याचा हिशेब करून पाहू. एक एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. एका पाळीला सहा सेंटिमीटर उभं पाणी दिलं, तर एकराला सुमारे २४३ घनमीटर लागतं. मातीच्या पाटात काही जिरतं, म्हणून ३०० धरू. तळ्यात दिवाळीला ९,२०० आहे. तळाचा मीटर, म्हणजे ५५०, गुरांसाठी आणि गाळासाठी सोडून द्या. ऊन आणि जमीन मिळून अडीच महिन्यांत ४० सेंटिमीटर पाणी घेतील असं धरा. वरच्या रुंद जागेत त्याचे सुमारे २,००० घनमीटर होतात. उरले ६,६५०. त्यात बावीस एकर-पाळ्या बसतात. हरभऱ्याला दोन पाळ्या द्यायच्या, तर अकरा एकर पेरा.

आता २१,६०० धरणारा माणूस काय करील? तो ३०० नं भागून बहात्तर पाळ्या काढील आणि छत्तीस एकर पेरील. मग घाटे भरायच्या वेळी पंचवीस एकरांना पाणी नाही! बी गेलं, मजुरी गेली, आणि पाळी कोणाची यावरून भावाभावांत भांडण.

ऊन-जमिनीचे ४० सेंटिमीटर आम्ही नमुन्याला घेतले. आपल्या तळ्याचा आकडा आपणच काढावा. उपसा बंद असेल अशा आठ दिवसांत पट्टी किती उतरली, ते लिहून ठेवा. काळ्या चिकण जमिनीत कमी जिरतं, मुरमाड जमिनीत फार जिरतं.

या रितीलाही मर्यादा आहे. निम्मं करणं तेव्हाच बरोबर, जेव्हा खालचं आणि वरचं क्षेत्र फार वेगळं नसतं. खळ्यावरची धान्याची रास मनात उलटी करा, टोक खाली. तिच्यात खरं धान्य तेवढ्याच घेराच्या आणि उंचीच्या उभ्या कणगीच्या तिसरा हिस्सा असतं. आपली रीत निम्मं सांगते. म्हणजे टोकदार तळाशी ही रीत पाणी जास्त दाखवते. आपल्या तळ्यात पहिल्या मीटरला क्षेत्र २०० वरून ९०० झालं, साडेचारपट. तिथं शंका घ्यावी. अर्ध्या मीटरवर आणखी एक रेषा घेतली आणि तिचं क्षेत्र समजा ४८० आलं. मग खालच्या अर्ध्याचे १७०, वरच्या अर्ध्याचे ३४५, मिळून ५१५ होतात. ५५० नव्हे. पस्तीसचा फरक या तळ्याला किरकोळ आहे, पण तळं लहान असेल तर तो घ्यावाच. उतार सारखा असेल तिथं इतकी काळजी नको. मघाच्या चौकोनी शेततळ्यात अगदी काटेकोर उत्तर २,१९६ येतं. आपलं आलं २,१९८.

पट्टी दोन खुणांच्या मध्ये असेल तर? समजा, अडीचवर आहे. तिसऱ्या थराचे २,७५० निम्मे करू नका, कारण थराचा खालचा अर्धा भाग अरुंद असतो. अडीचवरचं क्षेत्र अंदाजे २,७५० चौरस मीटर धरा. मग २,००० आणि २,७५० ची बेरीज निम्मी करून अर्ध्या मीटरनं गुणा. १,१८७ आले. खालचे २,००० मिळवले, तर ३,१८७ घनमीटर.

गाळ साचला की हे सगळे आकडे बदलतात. तापीला चांगदेवजवळ पूर्णा मिळते. पूर्णा काळ्या मातीतून वाहत येते आणि गाळ आणते. तो हतनूरच्या मोठ्या धरणालाही चुकत नाही. आपल्या नाल्यातही तेच घडतं. गाळ आधी तळाशी आणि नाल्याच्या तोंडाशी बसतो. तळाची शून्याची खूण गाळात बुडाली, की रांगा पुन्हा मोजायच्या. गाळ काढला तरी पुन्हा मोजायच्या. आधीचा साठा आणि नंतरचा साठा यांतला फरक म्हणजे किती गाळ निघाला त्याचं माप. ट्रॉल्या मोजून आलेल्या आकड्याशी तो ताडून पाहता येतो. मात्र ट्रॉलीतली माती भुसभुशीत होऊन फुगलेली असते, म्हणून ट्रॉल्यांचा आकडा थोडा मोठाच येईल.