शार्प रेशो तीन, तरी पैसे का दिले नाहीत

अहेरीत कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवून निवृत्त झालो, तेव्हापासून लोक माझ्याकडे गणितं कमी आणि हिशेबच जास्त घेऊन येतात. कुणाला विम्याचा हप्ता तपासून हवा असतो, कुणाला जमिनीच्या मोबदल्याचं व्याज. मे २०२४ मध्ये आलापल्लीचा माझा एक जुना विद्यार्थी लॅपटॉप घेऊन आला. तो निफ्टीचे ऑप्शन विकायचा आणि चोवीस महिन्यांचा तक्ता त्यानं नीट मांडून ठेवला होता. मला म्हणाला, “सर, शार्प रेशो तीन आहे. निफ्टीचा अर्धासुद्धा निघत नाही. तुमच्या ग्रॅच्युइटीतले पाच लाख द्या, मी चालवतो.”

तक्ता खोटा नव्हता. महिन्याला सरासरी १.८ टक्के नफा, आणि महिन्यामहिन्यातला चढउतार, म्हणजे प्रमाण विचलन, १.५ टक्के. मुदत ठेवीचं व्याज महिन्याला अर्धा टक्का धरून ते सरासरीतून वजा केलं, उरलेल्या १.३ ला १.५ ने भागलं आणि वार्षिक करण्यासाठी बाराच्या वर्गमुळाने गुणलं, की बरोबर तीन येतात. एक्सेलमध्ये हे एका ओळीचं काम आहे (नफा टक्क्यांत, ‘बी’ स्तंभात):

```
=(AVERAGE(B2:B25)-0.5)/STDEV.S(B2:B25)*SQRT(12)
```

विल्यम शार्प यांनी १९६६ मध्ये हे माप मांडलं ते म्युच्युअल फंडांची तुलना करायला. जिथे परतावा सरासरीच्या दोन्ही बाजूंना साधारण सारखा पसरतो, तिथे ते चांगलं चालतं. ऑप्शन विकणाऱ्याचा परतावा तसा पसरतच नाही. त्याला जास्तीत जास्त मिळणार ते घेतलेलं प्रीमियम. तोट्याला मात्र बाजार थांबेल तिथेच तळ. त्यामुळे बरेच महिने थोडा थोडा नफा आणि क्वचित एखादा मोठा खड्डा, असा आकार बनतो. याला संख्याशास्त्रात ऋण विषमता म्हणतात. हा खड्डा तक्त्यात आलेला नसेल, तर प्रमाण विचलनाला तो दिसायचा कसा? पर्लकोटा नदीच्या फक्त उन्हाळ्यातल्या पातळ्या मोजून भामरागडच्या पुलाची उंची ठरवावी, तसा हा शार्प रेशो होता.

मी त्याच्यासमोरच त्या चोवीस महिन्यांखाली एक पंचविसावा महिना टाकला, उणे ३० टक्क्यांचा. सरासरी अर्ध्या टक्क्यावर आली, विचलन साडेसहाच्या घरात गेलं आणि शार्प जवळजवळ शून्य झाला. दहा लाखांचे चोवीस महिन्यांत १५.३ लाख झाले असते, ते एका महिन्यात १०.७ लाखांवर आले. तेवढ्याच काळात मुदत ठेवीत ११.३ लाख झाले असते.

मग त्याच जागी अधिक ३० टाकले. तो हसला, कारण आता शार्प वाढणार असं त्याला वाटलं. शार्प तीनवरून दीडच्या खाली घसरला! मोठा नफासुद्धा या मापाला ‘चढउतार’च वाटतो, आणि त्याचा दंड लागतो. म्हणून मोठ्या नफ्याच्या शक्यता विकून छोटं, नेमाचं उत्पन्न घेणारा माणूस या मापावर बरेचदा शहाणा ठरतो. त्याचा अंदाज बरोबर होता की नव्हता, याचा त्याच्याशी काही संबंध नसतो.

हे केवळ माझं कागदावरचं खुसपट नाही. अमेरिकेत अँड्र्यू लो या प्राध्यापकांनी २००१ च्या लेखात एक काल्पनिक फंड मांडला. बाजारभावापेक्षा साधारण सात टक्के खालचे पुट विकत राहायचे, बस्स. १९९२ ते १९९९ या ९६ महिन्यांत त्यात फक्त सहा महिने तोट्याचे निघाले आणि शार्प बाजाराच्या जवळपास दुप्पट आला. कंपन्यांचा अभ्यास नको, अंदाज नको, कौशल्य तर नकोच.

मी पैसे दिले नाहीत. तो थोडा नाराज होऊन गेला.

पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. १ जूनला एक्झिट पोल आले, ३ जूनला निफ्टी तीन टक्क्यांहून अधिक वाढून २३,२६४ ला बंद झाला. ४ जूनला लोकसभेची मतमोजणी होती. त्या दिवशी निफ्टी २१,२८१ पर्यंत पडला आणि २१,८८४ ला बंद झाला, जवळपास सहा टक्के खाली. ३ तारखेला कुणी २२,५०० चा पुट शंभर रुपयांना विकला असं धरा. तेव्हा लॉट २५ चा होता, म्हणजे हाती आले अडीच हजार. दुसऱ्या दिवशी तळाला त्याच लॉटवर जवळपास अठ्ठावीस हजारांचा तोटा दिसत होता, घाबरलेल्या बाजारानं वाढवलेली किंमत वेगळीच. माझ्या विद्यार्थ्यानं असे बरेच लॉट विकलेले होते. मार्जिन कमी पडलं आणि ब्रोकरनं सौदे स्वतःहून कापले.

खरी गोम पुढे आहे. ६ जूनला, त्या पुटच्या एक्स्पायरीला, निफ्टी २२,८२१ ला बंद झाला. म्हणजे तो पुट शून्य झाला. ज्याच्याकडे जादा पैसे होते तो टिकला आणि त्याच्या जूनच्या रकान्यात नफा लिहिला गेला. त्याच्या तक्त्यात शार्प आजही सुंदर दिसत असेल, कारण महिनाअखेरच्या आकड्याला ४ जूनची दुपार ठाऊकच नसते.

म्हणून कुणी असा तक्ता आणला, तर महिन्याचा नको, रोजचा हिशेब मागा. त्यात ४ जून २०२४ शोधा आणि दिवसभरात तोटा किती खोल गेला होता ते विचारा. मग इतिहास कधीपासून सुरू होतो ते पाहा. २३ मार्च २०२० ला निफ्टी एका दिवसात सुमारे १३ टक्के पडला होता. अनेक तक्ते नेमके त्यानंतर सुरू होतात, आणि बहुतेकदा यात लबाडीही नसते, माणूस बाजारात आलाच तेव्हा.

एक्सेलमध्ये `=SKEW(B2:B25)` देऊन पाहायला हरकत नाही. उत्तर ठळक उणे आलं तर सावध व्हा. शून्याच्या आसपास आलं म्हणून मात्र निर्धास्त होऊ नका, कारण पडझड तक्त्यात नसेल तर विषमताही दिसत नाही. माझ्या विद्यार्थ्याचं उत्तर मे महिन्यात शून्याजवळच होतं. त्यापेक्षा आज हातात असलेले सौदे घ्या आणि उद्या सकाळी बाजार दहा टक्के खाली उघडला तर खात्यात किती उरेल, ते कागदावर काढा. मध्ये संधीच मिळणार नाही असं धरा. आमच्याकडे वादळात लाइट जाते, टॉवर बंद पडतो, तेव्हा स्टॉप लॉसच्या भरवशावर मी कुणाला राहू देत नाही. लांबचा स्वस्त पुट विकत घेऊन ठेवला तर तोट्याला तळ मिळतो. त्यानं नफा घटतो आणि तीनचा शार्प कधी एकावर येतो. तो एकचा शार्प मी जास्त खरा मानतो.

सेबीनं सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासानुसार, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे आणि ऑप्शनमध्ये उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात होते. आणि दुसऱ्याचा पैसा असा चालवायला पोर्टफोलिओ मॅनेजर म्हणून सेबीची नोंदणी लागते, जिथे ग्राहकाची किमान गुंतवणूक ५० लाख आहे. गावात कुणी पाच लाख मागत असेल, तर शार्प रेशो विचारण्याआधी नोंदणी क्रमांक विचारा आणि तो सेबीच्या यादीत पडताळून पाहा.